छातीत दुखण्याचा एक शनिवार: हृदयरोगतज्ज्ञाला लिहिलेल्या चिठ्ठीचा प्रकरण अभ्यास

रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, व्यवसाय आणि काही तपशील बदलले आहेत. चिठ्ठी मुळात इंग्रजीत होती, इथे ती मराठीत दिली आहे.

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातले किराणा दुकानदार, वय ५८. दहा वर्षांपासून मधुमेह, सात वर्षांपासून रक्तदाब. दोन्हीचे उपचार त्याच फॅमिली डॉक्टरांकडे. पंधरा वर्षे तंबाखू खाल्ली, ती २०१९ मध्ये सोडली. थोरल्या भावाला बावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅक आलेला.

शनिवारी सकाळी पावणेअकराला ते पत्नी आणि मुलाबरोबर दवाखान्यात आले. तक्रार होती "गॅस"ची. तीन आठवड्यांपूर्वी माळ्यावर पोती चढवताना छातीत दाटून यायचे, खाली बसले की पाच मिनिटांत मोकळे व्हायचे. गेल्या आठवड्यापासून दुकान ते घर एवढ्या चालण्यातही तसेच होऊ लागले. त्या दिवशी पहाटे चार वाजता झोपेतून जाग आली ती छाती आवळल्यासारखी होऊन, डाव्या जबड्यात ओढ आणि अंगभर घाम. वीसेक मिनिटांनी आपोआप थांबले. इनो घेतला होता, म्हणून घरच्यांनी ठरवले की गॅसच.

दवाखान्यात आले तेव्हा दुखत नव्हते. नाडी ८४, रक्तदाब १६२/९४, ऑक्सिजन ९७ टक्के, फुप्फुसे स्वच्छ. चेहराही निवांत. असा निवांत माणूस समोर बसला की सोमवारी या म्हणावेसे वाटते. या प्रकरणातली पहिली जोखीम तीच होती.

अडचण

१० वाजून ५५ मिनिटांनी ईसीजी काढला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मशीनने छापलेला शेरा साधा होता: टी लहरीत किरकोळ, अनिश्चित बदल. पण व्ही २ आणि व्ही ३ या लीडमध्ये टी लहर आधी वर जाऊन मग खाली बुडत होती. एसटी भाग जवळजवळ सरळ, क्यू लहरी नाहीत. २०२२ च्या जुन्या ईसीजीत त्याच दोन लीडमध्ये टी लहर सरळ वर होती.

या आकाराला वेलेन्स आकार म्हणतात. वेलेन्स आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्याचे वर्णन केले. छातीत दुखून गेल्यावर, दुखणे थांबलेले असताना तो दिसतो. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी डावी धमनी सुरुवातीलाच फार अरुंद झाल्याची ती खूण असते. काही काळ धमनी बंद झाली आणि पुन्हा उघडली, असा त्याचा अर्थ. पुन्हा बंद झाली आणि उघडली नाही, तर हृदयाचा मोठा भाग मरतो.

त्यामुळे डॉक्टरांपुढे प्रश्न दोन होते. एक, कुठे आणि किती लवकर पाठवायचे. दुसरा, पंचावन्न किलोमीटर दूर, रुग्णाला कधी न पाहिलेल्या माणसांना ही घाई कागदावरून कशी कळवायची. त्यांच्यापर्यंत पोचेल तेव्हा रुग्ण हसत-बोलत असणार होता.

कोणते पर्याय होते

गावात टीएमटीची, म्हणजे पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याची सोय होती, आणि मुलगाही तेच म्हणत होता: "आधी टीएमटी करू, मग बघू." एरवी श्रमाने दुखणाऱ्या छातीसाठी हा विचार वावगा नाही. पण पहाटे विश्रांतीत दुखले आहे आणि ईसीजीत हा आकार आहे, तिथे रुग्णाला पट्ट्यावर धावायला लावणे म्हणजे अरुंद धमनी बंद पडायला निमित्त देणे. टीएमटी बाद झाली.

हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे ट्रोपोनिन तपासून थांबायचे, हा दुसरा पर्याय. गावातली लॅब नमुना जिल्ह्याला पाठवते, निकाल संध्याकाळी येतो. वेलेन्स आकारात ट्रोपोनिन नॉर्मल किंवा थोडेच वाढलेले असू शकते, म्हणजे नॉर्मल आले तरी निर्णय बदलणार नव्हता. निर्णय न बदलणाऱ्या तपासणीसाठी सहा तास घालवायला डॉक्टर तयार नव्हते.

मग रुग्णालय कोणते? अठरा किलोमीटरवर आयसीयू असलेले एक होते, पण तिथे कॅथ लॅब, म्हणजे अँजिओग्राफी करण्याची सोय, नाही. पंचावन्न किलोमीटरवरच्या रुग्णालयात कॅथ लॅब होती आणि महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही लागू होती. एसटी वर गेलेली असती आणि छातीत दुखत असते, तर जवळ जाऊन गुठळी विरघळवणारे इंजेक्शन घेण्याचा विचार करावाच लागला असता. इथे एसटी सरळ, रक्तदाब चांगला, दुखणे थांबलेले. अशा वेळी ते इंजेक्शन देत नाहीत. गरज अँजिओग्राफीची होती, म्हणून दूरचे रुग्णालय ठरले.

काय केले

डॉक्टरांनी ॲस्पिरिन ३२५ मिलिग्रॅम चघळायला दिली आणि ॲटोरवास्टॅटिन ८० मिलिग्रॅम गिळायला. वेळ ११ वाजून १० मिनिटे. त्यानंतर क्लोपिडोग्रेल आणि जिभेखाली सॉर्बिट्रेट देण्याची अनेक ठिकाणी जवळजवळ सवयच असते. दोन्ही दिली नाहीत. एकाचे कारण औषधांच्या पिशवीमुळे सापडले, दुसऱ्याचे रुग्णाला एकट्याला विचारल्यावर.

डॉक्टरांचा नियम असा की औषधे तोंडी विचारायची नाहीत, पिशवी टेबलावर उलटी करायची. पिशवीतून मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड १ निघाली. टेल्मिसार्टन ४० चे पाकीट जवळजवळ भरलेले होते. पत्नी म्हणाल्या, "अहो, ती गोळी चक्कर येते म्हणून त्यांनी दोन आठवडे घेतलीच नाही." दवाखान्याच्या कागदावर मात्र टेल्मिसार्टन चालू होती. खाली डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाची पट्टी निघाली. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली, रोज एक.

डायक्लोफेनॅक पाहून डॉक्टरांनी जुनी फाइल काढली. २०२१ मध्ये काळी शौच झाली होती, हिमोग्लोबिन ८.४ वर आले होते, दुर्बीण तपासणीत जठरात व्रण सापडला होता. रक्त पातळ करणारे दुसरे औषध सुरू करताना ही माहिती डावलून चालत नाही. धमन्यांचे चित्र माहीत नसताना आणि लवकर अँजिओग्राफी होणार असताना ते औषध सरसकट आधी द्यायचेच असेही नाही. हृदयरोगतज्ज्ञांच्या रजिस्ट्रारशी फोनवर बोलून ठरले: क्लोपिडोग्रेल तिथे पोचल्यावर.

मग डॉक्टरांनी पत्नी आणि मुलाला बाहेर बसायला सांगितले आणि दार लावून विचारले, "काका, संबंधाच्या वेळेची एखादी गोळी घेता का? लाजू नका, आत्ता हे माहीत नसलं तर आमच्याकडून चूक होईल." थोड्या वेळाने उत्तर आले, "गुरुवारी रात्री घेतली होती एक. दहाच्या सुमारास." ती टाडालाफिल १० मिलिग्रॅम होती. टाडालाफिल घेतल्यापासून ४८ तास सॉर्बिट्रेट किंवा नायट्रोग्लिसरीन यांसारखे नायट्रेट दिले, तर रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. सिल्डेनाफिल असती तर हे अंतर २४ तासांचे. म्हणजे शनिवारी रात्री दहापर्यंत नायट्रेट वर्ज्य. काकांनी एकच विनंती केली: "पोराला कळू देऊ नका."

चिठ्ठी

डॉक्टरांनी घाईत लिहिलेली पहिली चिठ्ठी अशी होती: "मधुमेह व रक्तदाबाचे जुने रुग्ण, छातीत दुखण्याची तक्रार, ईसीजीत बदल. कृपया तपासून पुढील उपचार करावेत. धन्यवाद." यात खोटे काही नाही, पण वाचणाऱ्याला काही करता येईल असेही काही नाही. छातीत दुखणारे, मधुमेह असलेले रुग्ण शनिवारी दुपारी कॅज्युअल्टीत आणखी चार असतात. यातला कोण आधी, हे ती चिठ्ठी सांगत नाही. डॉक्टरांनी ती फाडली आणि दुसरी लिहिली. वेळ लागला आठ मिनिटे.

"तातडीचे: आजच दाखल करून अँजिओग्राफीचा विचार व्हावा. वेलेन्स आकाराचा ईसीजी, विश्रांतीत छातीत दुखले.
नायट्रेट देऊ नये: आज शनिवार रात्री १० पर्यंत. गुरुवारी रात्री १० वाजता पीडीई-५ गटातील औषध (टाडालाफिल १० मिग्रॅ). रुग्णाने ही माहिती गोपनीय ठेवण्यास सांगितले आहे.
टीएमटी करू नये.

पुरुष, ५८. तीन आठवडे श्रमाने छातीत दाटणे, पाच मिनिटांत थांबते. एक आठवडा कमी श्रमातही. आज पहाटे ४ वाजता विश्रांतीत २० मिनिटे, डाव्या जबड्यात ओढ, घाम. १०.४५ ला दवाखान्यात आले तेव्हा दुखणे नाही.
१०.५५ चा ईसीजी, दुखत नसताना: व्ही २, व्ही ३ मध्ये टी लहर वर-खाली. २०२२ चा ईसीजी सोबत, त्यात हा बदल नाही.
नाडी ८४, रक्तदाब १६२/९४, ऑक्सिजन ९७ टक्के, फुप्फुसे स्वच्छ.

दिलेले, ११.१०: ॲस्पिरिन ३२५ मिग्रॅ, ॲटोरवास्टॅटिन ८० मिग्रॅ.
मुद्दाम न दिलेले: क्लोपिडोग्रेल. २०२१ मध्ये जठराच्या व्रणातून रक्तस्राव, हिमोग्लोबिन ८.४. मागील महिन्यात १२.१.

प्रत्यक्षात घेत असलेले: मेटफॉर्मिन ५०० दोनदा (आज सकाळी घेतले), ग्लिमेपिराइड १, डायक्लोफेनॅक ५० रोज, मेडिकलमधून.
लिहून दिलेले पण दोन आठवडे बंद: टेल्मिसार्टन ४०.
मागील महिन्यात क्रिएटिनिन १.५, ईजीएफआर अंदाजे ५३. औषधांची ॲलर्जी माहीत नाही.

रजिस्ट्रारशी ११.२० ला फोनवर बोलणे झाले. माझा मोबाइल रात्रीही चालू आहे."

या चिठ्ठीत वरच्या तीन ओळींचे काम वेगळे आहे. खाली काही वाचले नाही तरी त्या तीन ओळींवरून रुग्णाचे नुकसान टळावे, अशा त्या लिहिल्या आहेत. "तातडीचे" एवढाच शब्द पुरत नाही, कारण तो प्रत्येक चिठ्ठीवर असतो. कशामुळे तातडी आणि त्यासाठी काय हवे, हे त्याच ओळीत आले की शब्दाला वजन येते.

"प्रत्यक्षात घेत असलेले" आणि "लिहून दिलेले पण बंद" ही फोडही मुद्दाम आहे. एकच यादी दिली असती, तर वाचणाऱ्याने १६२ चा रक्तदाब टेल्मिसार्टन घेऊनही चढलेला समजून औषध वाढवले असते. मेटफॉर्मिन आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज, यांचाही संबंध आहे. अँजिओग्राफीत रंगद्रव्य टोचतात, ते मूत्रपिंडावर ताण टाकू शकते. ईजीएफआर साठच्या खाली असताना मेटफॉर्मिन थांबवून ४८ तासांनी क्रिएटिनिन पुन्हा पाहण्याची पद्धत आहे, म्हणून शेवटचा डोस कधी घेतला ते लिहिले.

ईसीजीचा कागद थर्मल असतो. उन्हात ठेवला तर काळवंडतो, महिन्यांनी पुसट होतो. म्हणून दोन्ही कागदांचे फोटो काढले. फोटो पूर्ण पट्टीचा, नाव आणि वेळ दिसेल असा, बारा लीडपैकी एकही न कापता. रजिस्ट्रारच्या मोबाइलवर ते ११ वाजून २४ मिनिटांनी गेले.

रुग्णाला मुलाच्या गाडीने पाठवायचे नाही, हे पक्के होते. वाटेत ठोका बिघडला तर शॉक देण्याची सोय लागते. १०८ ला ११.२५ ला फोन, रुग्णवाहिका १२.०५ ला आली, १२.२० ला निघाली. सोबत आधार कार्ड आणि रेशन कार्ड. ही दोन मागाहून आणायची ठरली की योजनेचे कागद अडतात. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना नायट्रेटची बाब बाजूला घेऊन तोंडी सांगितली.

एक गोष्ट मात्र इथे चुकली. गोपनीयता राखायची म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवली, वर हृदयरोगतज्ज्ञांचे नाव लिहिले आणि पाकीट मुलाच्या हातात दिले.

पुढे काय झाले

रुग्णवाहिका १.५० ला पोचली. तिच्या डॉक्टरांनी सकाळच्या पाळीच्या डॉक्टरांना सगळे तोंडी सांगितले. दोन वाजता पाळी बदलली. मुलगा केस पेपर काढायला गेला होता. तिथल्या कर्मचाऱ्याने बंद पाकीट तसेच फाइलला टाचले, कारण त्यावर मोठ्या डॉक्टरांचे नाव होते आणि ते संध्याकाळी येणार होते.

२.१० ला काकांच्या छातीत पुन्हा दुखू लागले. दुपारच्या पाळीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, आणि तो नॉर्मल दिसला. व्ही २, व्ही ३ मधली टी लहर सरळ वर उभी होती. पहिला ईसीजी न पाहिलेल्या माणसाला यात काळजीचे काही दिसले नसते. वेलेन्स आकाराची ही फसवी बाजू आहे: दुखताना, म्हणजे धमनी पुन्हा बंद होत असताना, उलटी टी लहर सुलटी होते. आधीच्या कागदाशेजारी ठेवला तरच हा "नॉर्मल" ईसीजी बिघाड म्हणून वाचता येतो.

सिस्टरने ट्रेमध्ये सॉर्बिट्रेट आणले. छातीत दुखते आहे, रक्तदाब १५० आहे, तर त्यांचे काही चुकत नव्हते. काकांना गोळीचे नाव ओळखीचे नव्हते, आणि शेजारी मुलगा उभा होता. त्याच वेळी रजिस्ट्रार खाली आले. त्यांनी दारातूनच सांगितले, "नायट्रेट नको, फोनवर बोलणं झालंय," आणि मोबाइलवरचे दोन ईसीजी नव्याशेजारी धरले.

दुखणे फेंटॅनिलच्या लहान डोसने कमी झाले, हेपॅरिन सुरू केले. ट्रोपोनिन थोडे वाढलेले निघाले. संध्याकाळची अँजिओग्राफी चार वाजता घेतली. डाव्या पुढच्या धमनीच्या सुरुवातीला ९५ टक्के अरुंदपणा होता. एक स्टेन्ट बसवला. जुन्या रक्तस्रावामुळे दुसरे औषध म्हणून टिकॅग्रेलॉरऐवजी क्लोपिडोग्रेल निवडले, सोबत पँटोप्राझोल. डायक्लोफेनॅक कायमचे बंद. दोन दिवसांनी क्रिएटिनिन १.६, मेटफॉर्मिन पुन्हा सुरू. चौथ्या दिवशी रुग्ण घरी आला.

वेगळे काय करता आले असते

बंद पाकीट हा या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय ठरला असता. चिठ्ठी हृदयरोगतज्ज्ञांना उद्देशून असली, तरी ती सर्वांत आधी लागते कॅज्युअल्टीतल्या ड्यूटी डॉक्टरांना आणि सिस्टरना. पाकिटावर एका माणसाचे नाव लिहिले की बाकीचे ते उघडत नाहीत, आणि यात त्यांचा दोष नाही.

गोपनीयता आणि सुरक्षितता दोन्ही साधता आल्या असत्या. पाकिटावर नावाऐवजी "कॅज्युअल्टी ड्यूटी डॉक्टरांसाठी, पोचताच उघडा" आणि त्याखाली "नायट्रेट देऊ नये, शनिवार रात्री १० पर्यंत. कारण आत" एवढे पुरले असते. मुलाला त्यातून काही कळले नसते. दुसरी प्रत रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हाती द्यायला हवी होती, म्हणजे तोंडी निरोपावर विसंबावे लागले नसते. फोनमुळे निभावले हे खरे. पण रजिस्ट्रार दहा मिनिटे उशिरा उतरले असते, तर फोनचा उपयोग नव्हता.

ईसीजीबाबतही एक ओळ राहून गेली. "दुखू लागल्यास टी लहर सरळ होऊ शकते, तो ईसीजी नॉर्मल समजू नये" असे लिहिले असते, तर दुपारच्या डॉक्टरांना रजिस्ट्रारची वाट पाहावी लागली नसती. आपल्याहून जाणत्या माणसाला हे काय सांगायचे, या संकोचाने फॅमिली डॉक्टर अशा ओळी गाळतात. पण वाचणारा नेहमी जाणता तज्ज्ञ नसतो. कधी तो ड्यूटीच्या चौदाव्या तासातला तरुण डॉक्टर असतो.

क्लोपिडोग्रेल न देण्याच्या निर्णयाबद्दल दुमत होऊ शकते. अँजिओग्राफी दुसऱ्या दिवसावर जाणार असती, तर ते आधी देण्याच्या बाजूने बोलता आले असते. "मुद्दाम न दिलेले" या शीर्षकाखाली कारणासह लिहिल्यामुळे निर्णय पुढच्याच्या हाती मोकळा राहिला. नुसते गाळले असते, तर ते विसरले की टाळले, हे कळले नसते, आणि "दिलेच असेल" असे धरून पुढे जाण्याचा धोका राहिला असता.

अजून एक गोष्ट रुग्ण घरी आल्यावर लक्षात आली. डिस्चार्ज कार्डावर शेवटची ओळ होती: छातीत दुखल्यास सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम जिभेखाली. टाडालाफिलचा उल्लेख कार्डावर कुठेच नव्हता. रुग्णालयाने गोपनीयता पाळली होती, आणि घरी दोन्ही गोळ्या एकाच कपाटात येणार होत्या. डॉक्टरांनी काकांना पुन्हा एकट्याला बोलावले, सॉर्बिट्रेटची पट्टी हातात धरून सांगितले की ही घरात आहे तोवर ती दुसरी घ्यायची नाही. घेण्याचा विचार असेल तर आधी तज्ज्ञांना आणि मला विचारायचे. घेतलीच असेल आणि दोन दिवसांत छातीत दुखले, तर सॉर्बिट्रेट न घेता १०८ ला फोन करायचा आणि येणाऱ्या डॉक्टरला गोळीचे नाव आणि वेळ सांगायची. काकांनी उरलेली पट्टी खिशातून काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्या पानावर तारीख घालून लाल शाईने नोंद केली: पुढच्या प्रत्येक चिठ्ठीत हे विचारून लिहावे, मुलासमोर विचारू नये.